दूर गेलेल्या मित्राला मनातलं सुचवणारं पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं पत्रं लिहिणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाच्या मनात मैत्रीपलीकडचं काही आलं, की पुढचं पत्र एकदम अवघड होऊन बसतं. याआधी सगळं सहज लिहिलेलं असतं, आता मात्र प्रत्येक वाक्य दोनदा खोडलं जातं. मी अशी पत्रं लिहिणाऱ्यांसोबत बसून त्यांचे मसुदे वाचत आलो आहे, आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोयीसाठी समोरच्या व्यक्तीला बहुतेक ठिकाणी ‘मित्र’ म्हटलं आहे, मैत्रिणीलाही सगळं तसंच लागू आहे.

सुचवायचं कशाला? सरळ सांगून मोकळं का होऊ नये?

सरळ सांगण्यात गैर काहीच नाही. फक्त पत्रातून सरळ सांगताना एक अडचण येते. समोरासमोर बोलताना ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो, आपण मध्येच थांबू शकतो, विषय बदलू शकतो. पत्रात ती सोय नाही. पूर्ण कबुली वाचणाऱ्याच्या हातात एकदम पडते आणि त्याला हो किंवा नाही, यांपैकी एक लिहावंच लागतं. त्याने तोवर कधी विचारच केलेला नसेल, तर घाईत दिलेलं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं.

रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट या इंग्रज कवींचा पत्रव्यवहार जानेवारी 1845 मध्ये सुरू झाला. मे महिन्यात दोघं पहिल्यांदा भेटले. त्यानंतर काही दिवसांतच रॉबर्टने मनातलं सगळं उघड सांगणारं पत्र पाठवलं. एलिझाबेथने त्याला बजावलं, की पुन्हा असं काही बोलायचं नाही. रॉबर्टने ते पत्र परत घेतलं आणि नष्ट केलं. त्यांच्या 570 हून अधिक पत्रांमध्ये तेवढं एकच आज सापडत नाही. पत्रं मात्र थांबली नाहीत आणि सप्टेंबर 1846 मध्ये त्यांनी लग्न केलं. म्हणजे भावना चुकीची नव्हती, एलिझाबेथसाठी ती वेळेआधी आली होती. सूचक लिहिण्याचा उपयोग इथेच होतो: वाचणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि नको असेल तर ते वाक्य न दुखावता ओलांडून जाता येतं.

हे खरंच प्रेम आहे, की मला पत्रांचीच ओढ लागली आहे?

हा प्रश्न पत्र लिहायला घेण्याआधी स्वतःला विचारलाच पाहिजे. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये मांडलं, की केवळ लिखाणातून चाललेला संवाद कधी कधी प्रत्यक्ष भेटीपेक्षाही जास्त जवळीक निर्माण करतो. लिहिणारा वेळ घेऊन स्वतःची चांगली बाजू मांडतो आणि वाचणारा मधल्या रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो, तीही बहुतेक वेळा छानच भरतो. त्यांनी हे संगणकावरच्या संवादाबद्दल लिहिलं होतं, पण पत्रांना ते तितकंच लागू पडतं.

यावर एक साधा उपाय आहे. त्याची जुनी पत्रं काढा, पण आपल्याला आवडलेली नव्हे. त्यातली कंटाळवाणी, चिडलेली, घाईत खरडलेली पत्रं वाचा. ज्या पत्रात तो दोन पानं फक्त कामाबद्दल कुरकुरला होता, ते वाचतानाही तुम्हाला त्याच्याजवळ असावंसं वाटतं का? वाटत असेल, तर ओढ माणसाची आहे. तुमचं मन फक्त चार-पाच सुंदर परिच्छेदांपाशीच घुटमळत असेल, तर आधी त्याच्याशी फोनवर बोला. आवाज ऐकल्यावर, बोलताना येणारी शांतता अनुभवल्यावर बरंच काही स्पष्ट होतं. ‘फोनवर तो वेगळाच वाटला’ असं म्हणून पुढची कितीतरी वर्षं निखळ मैत्रीत आनंदाने राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्याच्याही मनात काही आहे का, हे त्याच्या पत्रांवरून ओळखता येतं का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. त्याच्या पत्रांची तुलना त्याच्याच आधीच्या पत्रांशी करायची, एवढं पथ्य पाळलं तरी बरेच गैरसमज टळतात. मुळातच मोकळेपणाने लिहिणारा माणूस सगळ्यांनाच ‘तुझी फार आठवण येते’ असं लिहितो. त्यावरून काहीच ठरत नाही. जो कधीच असं लिहीत नव्हता, त्याने मागच्या वर्षभरात दोनदा लिहिलं, तर मात्र लक्ष द्यावं.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण आहे ती परत विचारण्याची. तुम्ही चार महिन्यांपूर्वी सहज लिहिलेली गोष्ट त्याने लक्षात ठेवून पुन्हा विचारली, तीही त्याचा तिच्याशी काहीच संबंध नसताना, तर तुमचं पत्र तो एकदा वाचून बाजूला ठेवत नाही. दुसरी खूण भविष्याची. ‘कधीतरी भेटू’ हे सगळेच लिहितात. ‘पुढच्या वर्षी मला सलग सुट्टी आहे, तेव्हा तू कुठे असशील?’ हे सगळे लिहीत नाहीत.

नेमकं लिहायचं काय? एखादं उदाहरण मिळेल का?

एक प्रसंग धरून चालू. दोघं एकत्र शिकले. तो नोकरीसाठी दूर गेला, आणि गेली नऊ वर्षं दोघं दर महिन्या-दीड महिन्याने एकमेकांना लिहितात. पत्रांत घरचं, कामाचं, वाचनाचं सगळं येतं. त्याच्या इमारतीच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा दिवा सारखा बंद पडतो, आणि त्या दिव्याची खबरबात हा दोघांमधला कायमचा विषय झाला आहे. आता तिला सुचवायचं आहे.

तिचा पहिला मसुदा असा होता: ‘तुझी पत्रं आली की फार छान वाटतं. अशीच लिहीत राहा.’ तिला वाटलं, यात सगळं आलं. प्रत्यक्षात यात काहीच आलेलं नाही. हे वाक्य तिने पाचव्या वर्षीही लिहिलं असेल आणि ते कुठल्याही मैत्रिणीला लिहिता येतं.

दुसरा मसुदा उलट्या टोकाला गेला: ‘तुझ्याशिवाय माझ्या आयुष्याला अर्थ नाही हे मला आता कळलं आहे. तुलाही तसंच वाटत असणार.’ यात तिने स्वतःचं सांगितलं आणि वर त्याचंही उत्तर देऊन टाकलं. वाचणारा अंग चोरून घेईल, कारण त्याला स्वतःचं काही म्हणायला जागाच उरलेली नाही. शिवाय आयुष्याचा अर्थ कुणाच्या हातात ठेवणं म्हणजे नकार देण्याची त्याची मोकळीक काढून घेणं. ते प्रेमाने लिहिलेलं असलं तरी त्याचं ओझंच होतं.

तिसरा मसुदा तिने पाठवला. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

‘परवा बढतीचं कळलं. खुर्चीवरून उठायच्या आधीच मनात आलं, हे तुला कसं लिहायचं. घरी फोन करायचाही राहिला होता. मग लक्षात आलं की बरेच दिवस असंच होतंय. काहीही घडलं की मी ते तुला सांगण्याच्या शब्दांतच बघते. याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण तुझ्यापासून लपवावंसंही वाटलं नाही. असो. तिसऱ्या मजल्यावर उजेड आहे का सध्या?’

हे का जमलं ते बघू. आधी एक घडलेली गोष्ट आहे, तारखेवार सांगता येईल इतकी ठोस. ‘मला तू आवडतोस’ यावर वाद होऊ शकतो, बढतीची बातमी कळल्यावर आधी कोण आठवलं यावर होऊ शकत नाही. मग ती एकट्या प्रसंगावर थांबत नाही, हे वारंवार होतंय असं सांगते. त्या एका वाक्यामुळे मैत्रीतली सहज आठवण आणि हे, यांत फरक पडतो. ‘अजून नीट कळलेलं नाही’ यात तिने प्रश्न स्वतःकडेच ठेवला आहे, त्याच्याकडे उत्तर मागितलेलं नाही. आणि शेवटी दिव्याचा विषय काढून तिने त्याला परतीची वाट दिली आहे. त्याला हवं तर तो फक्त दिव्याबद्दल लिहील आणि दोघांपैकी कुणालाही अवघडल्यासारखं होणार नाही.

मात्र या पत्रात एकही गोष्ट रचलेली नाही, हे लक्षात ठेवा. बढती झाली नसती तर तिने दुसरा खरा प्रसंग शोधला असता. खोटा प्रसंग इतकी वर्षं तुम्हाला वाचणारा माणूस चटकन ओळखतो.

असं वाक्य पत्रात कुठे घालावं?

निम्मं पत्र उलटून गेल्यावर, पण शेवटाच्या थोडं आधी. सुरुवातीलाच घातलं तर पुढचं सगळं पत्र तो त्याच वाक्याच्या चष्म्यातून वाचतो. अगदी शेवटी घातलं तर ते वाक्य म्हणजेच पत्राचा हेतू होता असं वाटतं, आणि उत्तराचं दडपण येतं. ताजा कलमात तर मुळीच नको. अनेकांना तिथे लिहायचा मोह होतो, कारण धीर पत्र संपल्यावरच गोळा झालेला असतो. पण ता. क. मध्ये आपण विसरलेली किंवा किरकोळ गोष्ट लिहितो. तुमची गोष्ट किरकोळ नाही.

एका पत्रात असा एकच परिच्छेद पुरे. तीन ठिकाणी पेरलं तर पत्र जड होतं.

मायना आणि शेवट बदलावा का?

मायन्याला हात लावू नये. ‘प्रिय’ आपण सगळ्यांनाच लिहितो, त्यामुळे त्यातून काही सूचित होत नाही, आणि त्याच्या जागी एकदम ‘प्रियतम’ लिहिलं तर पत्र पहिल्याच शब्दाला अडखळतं. शेवट मात्र हळूच बदलता येतो. इतकी वर्षं ‘तुझी मैत्रीण’ लिहून खाली नाव घालत असाल, तर या वेळी फक्त ‘तुझी’ लिहून नाव घाला. नियमित वाचणाऱ्याच्या ते नजरेतून सुटत नाही. आधीपासूनच ‘तुझी’ लिहीत असाल, तर तसंच राहू द्या. सवयीचं ‘कळावे, लोभ असावा’ असेल तर तेही काढू नका. ओळखीची चौकट तशीच राहिली, तर आतला बदल वाचणाऱ्याला पेलतो.

कवितेची किंवा गाण्याची ओळ लिहिली तर?

मी नको म्हणेन. दुसऱ्याची ओळ लिहिली की वाचणाऱ्याला कळत नाही, हे तुम्हाला वाटतंय की ओळ आवडली म्हणून लिहिली आहे. वर्षानुवर्षांच्या पत्रांत दोघांच्याच अशा इतक्या गोष्टी साठलेल्या असतात, की उसन्या शब्दांची गरज नाही.

हाताने लिहावं की ईमेल करावी?

ज्या मार्गाने नेहमी लिहिता, त्याच मार्गाने. दहा वर्षं ईमेल करणाऱ्याने अचानक हस्ताक्षरातलं पाकीट पाठवलं, तर पाकीट बघूनच समोरच्याच्या पोटात गोळा येतो. ईमेल असेल तर एकच काळजी घ्या, रात्री लिहिलेलं रात्रीच पाठवू नका. टपालात पाकीट चिकटवेपर्यंत, पेटीत टाकेपर्यंत आपोआप मिळणारा वेळ ईमेलमध्ये स्वतःच ठरवून घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, कामाच्या गडबडीत वाचून बघा. तेव्हाही ते वाक्य आपलंच वाटलं, तर पाठवा.

उत्तर आलं, पण त्या वाक्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे नकार समजायचा का?

लगेच नाही. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॅनिटोबा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी व्होरॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नकाराची भीती वाटते, त्यांना आपण दाखवलेली ओढ समोरच्यापर्यंत प्रत्यक्षात पोहोचते त्यापेक्षा कितीतरी जास्त पोहोचली असं वाटतं. आपण किती बिचकत बोलतो आहोत हे समोरचा लक्षात घेईल आणि आपल्या शब्दांत तेवढी भर घालून वाचेल, असं ते मनात धरून चालतात. समोरच्याला ते बिचकणं दिसतच नाही. त्याला फक्त शब्द दिसतात.

तुम्ही ते वाक्य लिहिताना हात थरथरला असेल, चार कागद फाडले असतील. त्याला मात्र घरकामाच्या आणि ऑफिसच्या बातम्यांमध्ये एक जिव्हाळ्याचं वाक्य दिसलं, आणि तुम्ही नेहमीच जिव्हाळ्याने लिहिता. त्यामुळे पहिल्या मौनाचा अर्थ ‘वाचलं आणि टाळलं’ यापेक्षा ‘ओळखलंच नाही’ असा असण्याची शक्यता बरीच असते.

मग काय करावं? लगेचच्या पत्रात तो विषय काढू नका. त्यानंतरच्या पत्रात थोडं अधिक स्पष्ट लिहा. वरच्या उदाहरणातल्या मुलीने दुसऱ्यांदा लिहिलं होतं: ‘मागे मी लिहिलं होतं ना, की काहीही घडलं की तुलाच सांगावंसं वाटतं. त्यावर विचार करत होते. मला वाटतं, ते नुसत्या मैत्रीतून येत नाही. तुला यावर काही लिहायचं नसेल तर खरंच चालेल, आपलं बाकीचं सगळं आहे तसंच राहील.’ हे वाचून ‘कळलंच नाही’ असं होऊ शकत नाही. म्हणून यानंतरचं मौन हे उत्तर मानायचं, आणि तिसऱ्यांदा लिहायचं नाही. दोनदा सुचवणं म्हणजे आपलं म्हणणं पोहोचलं याची खात्री करणं. तिसऱ्यांदा लिहिलं की तो आग्रह होतो.

शेवटचं वाक्य मनापासून लिहिता येत असेल तरच लिहा. ‘सगळं तसंच राहील’ असं लिहून पुढच्या पत्रांत रुसवा दिसला, तर त्याला पुढचं प्रत्येक पत्र जपून लिहावं लागेल.

उत्तर यायला नेहमीपेक्षा उशीर होतोय. आठवण करून देऊ का?

त्याच्या नेहमीच्या अंतराच्या दुप्पट काळ जाऊ द्या. मग एक छोटं, पूर्णपणे वेगळ्या विषयावरचं पत्र पाठवा. आधीच्या पत्राचा उल्लेखही नको. विचार करायला वेळ लागणं ही वाईट खूण नाही. उलट तासाभरात आलेल्या हसऱ्या उत्तरापेक्षा मला उशिरा आलेलं लांब पत्र नेहमी आशादायक वाटत आलं आहे.

त्याने नाही म्हटलं, तेही आडून. कसं ओळखायचं आणि काय लिहायचं?

आडून आलेला नकार बहुधा मोठ्या मायेने लिहिलेला असतो. ‘तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं’ असं एरवी न येणारं वाक्य येतं, किंवा आजवर न आलेलं एखादं नाव पत्रात दोन-तीनदा येतं. तो तुम्हाला अवघडू न देता सांगतो आहे. तुम्हीही तेवढंच जपा. उत्तर लवकर लिहा, कारण तुमच्या मौनाने त्याला अपराधी वाटेल. ते लहान ठेवा. एका वाक्यात कळल्याचं सांगा, ‘तू लिहिलंस ते पोहोचलं, आणि असं लिहिलंस म्हणून बरं वाटलं’ इतकंच, आणि मग खरोखर घडलेलं काहीतरी सांगा. दुःख होणारच. ते एखाद्या जवळच्या माणसाशी बोला, त्याच्या पत्रात ओतू नका. काही महिने लिहिणं जमणार नाही असं वाटलं, तर तसं मोकळेपणाने सांगून थांबणंही योग्य आहे. न सांगता थांबणं मात्र त्याच्यावर अन्याय होईल.

त्याच्या आयुष्यात आधीच कुणी आहे हे मला माहीत आहे. तरी सुचवू का?

नाही. अशा वेळी सुचवलेलं वाक्य त्याला एक गुपित सांभाळायला लावतं, आणि ते त्याने मागितलेलं नसतं. लिहून मन हलकं होत असेल तर लिहा, आणि स्वतःजवळ ठेवा.

त्यानेही तसंच काहीसं लिहिलं आहे! आता पुढे?

आता सूचक लिहिणं थांबवा. इथे अनेक जोड्या रेंगाळतात, कारण आडून लिहिण्यात एक गोडी असते आणि महिनोन्महिने ते चालू शकतं. पण त्या काळात दोघंही एकमेकांच्या वाक्यांचे अर्थ लावत बसतात, आणि एखादा चुकीचा लागला की जे जुळत आलं होतं तेच विस्कटतं. पुढच्या पत्रात साध्या शब्दांत लिहा: ‘तू लिहिलंस त्याचा अर्थ मी असा घेतला. बरोबर आहे का?’ त्यासोबत बोलायचा दिवस आणि वेळ सुचवा, आधी फोनवर, मग शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष भेटीचा.

पहिल्या भेटीत थोडं परकं वाटेल, त्याने घाबरू नका. कागदावर जो माणूस ओळखीचा आहे, त्याचं चालणं, त्याची बोलण्याची गती, त्याचं गप्प बसणं तुम्हाला कितीतरी दिवसांत दिसलेलं नाही. म्हणून एका संध्याकाळीत सगळं ठरवायचा प्रयत्न करू नका. सलग दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ भेटता येईल असं बघा, आणि त्यातला काही वेळ एखादं साधं काम सोबत करण्यात घालवा. भेटीनंतरही पत्रं बंद करू नका. समोर बोलायला न जमलेलं काही दोघांनाही त्यानंतर लिहावंसं वाटेल.